कंट्रोल अकाउंटमुळे ग्राहकांच्या खात्यातली चूक कशी सापडते?

प्रश्न: डेटर्स आणि क्रेडिटर्स कंट्रोल अकाउंट कशासाठी ठेवतात? ग्राहकाच्या खात्यातली चूक त्यातून कशी कळते?

उत्तर: ग्राहकांच्या खात्यांत एकेक बिल चढतं, कंट्रोल अकाउंटमध्ये मात्र विक्री पुस्तकाची महिन्याची फक्त बेरीज जाते. दोन्ही वाटा वेगळ्या, पण बिलं तीच, म्हणून शेवटी आकडा एकच यायला हवा.

समजा सुरुवातीची येणी 40,000, उधार विक्री 85,000, वसुली 62,000 आणि परत आलेला माल 3,000. कंट्रोल अकाउंटची शिल्लक 60,000. पण सगळ्या ग्राहकांच्या शिलकांची बेरीज 59,460 येते. फरक 540.

540 ला 9 ने भाग जातो, म्हणजे अंक उलटे लिहिल्याची शंका. विक्री पुस्तकाशी ताडून पाहिलं तर 1,930 चं बिल ग्राहकाच्या खात्यात 1,390 म्हणून चढलेलं. असं बिल सापडलं नसतं, तर 540 ची सुटलेली किंवा 270 ची चुकीच्या बाजूला पडलेली नोंद शोधली असती.

क्रेडिटर्सचं तंत्र हेच, फक्त बाजू उलट: खरेदी जमेला, दिलेले पैसे नावे.

मात्र एका ग्राहकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर पडलं, तर बेरीज बदलत नाही आणि ताळा बिनदिक्कत जुळतो. बिल विक्री पुस्तकातच चुकीचं लिहिलं असेल तर दोन्हीकडे तीच चूक जाते. अशा वेळी ग्राहकाला खातेउतारा पाठवून विचारावं लागतं. आणि कंट्रोल अकाउंट ग्राहकांच्या खात्यांवरूनच बनवलं, तर ते काहीच पकडणार नाही.