बीसीजी मेटा-अ‍ॅनालिसिस: फॉरेस्ट प्लॉट शब्दांत कसा मांडायचा

प्रश्न: बेळगावात कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकते. बीसीजी लशीच्या १३ चाचण्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसचा सारांश खानापूरच्या आशाताईंसाठी मराठीत लिहायचाय. ‘क्षयाचा धोका निम्म्यावर येतो’ एवढं पुरे का? आय-स्क्वेअर ९२ टक्के आहे, त्याचं आणि फॉरेस्ट प्लॉटचं काय करू?

उत्तर: एवढं पुरणार नाही. रँडम-इफेक्ट्स मॉडेलचा एकत्रित रिस्क रेशो, म्हणजे लस घेतलेल्यांचा धोका भागिले न घेतलेल्यांचा धोका, ०.४९ (९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.३४ ते ०.७०) आहे, म्हणून ‘सरासरी निम्म्यावर’ हे बरोबर. पण ही १३ वेगवेगळ्या ठिकाणांची सरासरी आहे, आणि आपला भाग त्यातला सरासरी भाग नाही.

आय-स्क्वेअर ९२ याचा अर्थ ‘९२ टक्के अभ्यास जुळत नाहीत’ असा लिहू नका, ही चूक फार होते. निकालांमधल्या एकूण तफावतीपैकी ९२ टक्के तफावत निव्वळ योगायोगाने आलेली नाही, एवढंच तो सांगतो. तफावत किती मोठी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रेडिक्शन इंटरव्हल द्या: सुमारे ०.१५ ते १.५५. नव्या ठिकाणी चाचणी घेतली तर तिथला खरा परिणाम भरघोस संरक्षणापासून अजिबात फायदा नसण्यापर्यंत, अगदी धोका थोडा वाढलेला दिसण्यापर्यंतही, कुठेही असू शकतो. विश्वास-मर्यादा फक्त सरासरीबद्दल बोलते. या दोन पट्ट्यांची गल्लत झाली की सारांश खोटा दिलासा देतो.

फॉरेस्ट प्लॉटमध्ये दर चाचणीची एक ओळ आणि तिच्यावर एक चौकोन असतो; प्रत्येक ओळ वाचून दाखवायची गरज नाही. १ ची रेषा म्हणजे लशीने फरक नाही; तिच्या डावीकडे किती चौकोन, रेषेवर कोण, हे बघा आणि दोन टोकं नावानिशी सांगा. कॅनडातल्या १९४९ च्या चाचणीत (अक्षांश ५५) लस घेतलेल्या ३०६ जणांत ६ रुग्ण, न घेतलेल्या ३०३ जणांत २९. रिस्क रेशो ०.२०. मद्रासच्या १९८० च्या चाचणीत (अक्षांश १३) दोन्ही गटांत प्रत्येकी ८८,३९१ माणसं, रुग्ण ५०५ आणि ४९९; रेशो १.०१, म्हणजे चौकोन बरोबर रेषेवर. बेळगाव साधारण १६ अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याला ही दुसरी ओळ जास्त जवळची.

मॉडेलचं नावही लिहा. फिक्स्ड-इफेक्टने हेच आकडे ०.६५ देतात, कारण तिथे एकट्या मद्रासचं वजन सुमारे ४१ टक्के होतं. रँडम-इफेक्ट्समध्ये ते बरंच कमी होतं आणि एकत्रित निकाल दाखवणारा हिरा डावीकडे सरकतो.

असं लिहिता येईल: ‘१३ चाचण्यांत बीसीजीने क्षयाचा धोका सरासरी निम्म्यावर आणला, पण परिणाम ठिकाणागणिक फार वेगळा होता. विषुववृत्तापासून दूरच्या चाचण्यांत संरक्षण जास्त दिसलं, मद्रासला दिसलं नाही.’ ‘अक्षांशामुळे’ मात्र म्हणू नका. अक्षांशाबरोबर मातीपाण्यातले इतर मायकोबॅक्टेरिया, आधीचा संसर्ग असं बरंच काही बदलतं, आणि ही तुलना एका चाचणीची दुसरीशी आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हे.

शेवटी एक वाक्य हवंच: नवजात बाळाला बीसीजी देतात ती मुख्यतः क्षयाचा मेंदूज्वर आणि शरीरभर पसरणारा मिलिअरी क्षय टाळण्यासाठी. मद्रासचा आकडा ऐकून कोणी बाळाची लस टाळता कामा नये.