कन्फर्मेशन मोजणं आधी थांबवा

बिटकॉइनवरून आलात म्हणून पेमेंट पक्कं मानायला तुम्ही कॉसमॉसवरही सहा ब्लॉक थांबताय. तिथे ते लागत नाही. कॉसमॉसच्या साखळ्या वापरतात त्या कॉमेटबीएफटी या सहमतीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साखळीत ब्लॉक आधी मतदानातून पक्का होतो, मगच साखळीला जोडला जातो.

चार समान वजनाचे व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉकवर मत देणारे नोड, घ्या. एकजण ब्लॉक मांडतो. मग मतदानाच्या दोन फेऱ्या होतात, प्रीव्होट आणि प्रीकमिट. दोन्हींत दोन तृतीयांशांहून जास्त, म्हणजे इथे तीन मतं लागतात. त्याच उंचीवर दुसरा ब्लॉकही पक्का व्हायचा तर त्यालाही तीन मतं हवीत. मतं सहा, मतदार चार, म्हणजे किमान दोघांनी दुबार मत द्यायला हवं. एकट्याच्या लबाडीने ते होत नाही. मतांची ये-जा झाली की काम संपलं, म्हणून काही सेकंद पुरतात.

आता दोघे बंद पडले तर? उरलेल्या दोघांची मतं कमी पडतात आणि साखळी थांबते, पण फुटत नाही. ब्लॉकची उंची वाढत नसेल तर व्यवहार पुन्हा पुन्हा पाठवत बसू नका.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या दोन चुका:

- डोकी मोजणं. मताचं वजन स्टेकवर, म्हणजे व्हॅलिडेटरमागे गुंतवून ठेवलेल्या नाण्यांवर ठरतं. एकाकडेच ३४ टक्के असेल तर तो एकटा साखळी थांबवू शकतो.
- `txhash` मिळाला म्हणजे झालं, असं समजणं. तो ब्लॉकच्या आधीच मिळतो. त्याच हॅशने व्यवहार शोधा. `height` दिसला आणि `code: 0` असेल तरच माल द्या. `code` शून्य नसेल तर व्यवहार ब्लॉकमध्ये असूनही फसलेला असतो.