‘दोन खरं, एक खोटं’ आणि पोटातला गोळा

“नवीन टीममध्ये गेलं की पहिल्याच दिवशी ‘दोन खरं, एक खोटं’ खेळायला लावतात. मला ते पोरकट वाटतं, तरी आदल्या रात्री झोप लागत नाही. आता टीम लीड झाल्यामुळे हा खेळ मलाच घ्यायचाय. काय करू?”

या खेळात प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, त्यातलं एक खोटं, आणि ते कोणतं हे बाकीच्यांनी ओळखायचं. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक वेळा हुशार आणि कामात पक्के असतात. त्यांच्यापैकी एकीची हकिगत इथे थोडक्यात सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय तेहतीस, पुण्यातली आयटीतली नोकरी. तिची टीम बारा जणांची, त्यातले आठ जुने आणि चार नवे.

पहिल्या भेटीत तिचं म्हणणं होतं, “मॅडम, मला खोटं बोलायला जमत नाही. लगेच पकडतात.”

“पकडलं तर काय होतं?”

“काही नाही. हसतात.”

खोटं ओळखण्यात माणसं तशी कच्चीच असतात. या विषयावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. खरं आणि खोटं वेगळं करण्यात लोक सरासरी शंभरातले ५४ वेळा बरोबर ठरतात, असं त्यात दिसलं. नाणं उडवून ठरवण्यापेक्षा हे जेमतेम बरं. शिवाय या खेळात खोटं ओळखलं जाणं हा खेळाचाच भाग असतो, त्यात कोणाचं काही जात नाही. म्हणजे भीती खोट्याची नव्हती. मी तिला म्हटलं, “खोटं बाजूला ठेवू. दोन खरी वाक्यं कोणती सांगणार होतात?”

तिने कागदावर लिहिलं: ‘मी चार शाळा बदलल्या.’ आणि ‘मी दीड वर्ष नोकरी सोडून घरी होते.’

“पहिलं वाक्य ऐकून समोरचा काय विचारेल?”

“कुठे कुठे? मग मी सांगेन, अकोला, जालना, बाबांची बदलीची नोकरी होती.” हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता.

“आणि दुसरं ऐकून?”

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “का, असं विचारतील.” त्या दीड वर्षात तिचं लग्न मोडलं होतं. आधीच्या एका ऑफिसात तिने हेच वाक्य सांगितलं होतं, कोणीतरी सहज “का?” विचारलं आणि दहा जणांसमोर तिला उत्तर जुळवावं लागलं. पोटातला गोळा तेव्हापासूनचा. “म्हणजे मी वाक्य निवडत होते,” ती म्हणाली, “पुढचा प्रश्न निवडतच नव्हते.”

सगळी किल्ली इथेच आहे. आपण सांगण्यासारखं, चमकदार काहीतरी शोधत बसतो आणि नेमकं आतलं काहीतरी हाती लागतं. वाक्य निवडायची कसोटी एकच: यावर कोणी आणखी एक प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला मला आवडेल का? आवडणार असेल तर वाक्य साधं असलं तरी चालतं, नाहीतर ते कितीही रंजक असो, सोडून द्यावं. तिने दुसरं वाक्य बदलून ‘मला पोहता येत नाही’ केलं. ‘मी वांग्याचं भरीत खात नाही’ हे खोटं लगेच सुचलं. माझी घडण मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांत झाली आहे. माणसाने स्वतःला किती उघडायचं हे त्याचं त्यानेच ठरवावं, यावर माझा ठाम विश्वास आहे. हा निर्णय माणसाच्या हातात राहतो तोवर हा खेळ उपयोगी पडतो.

पुढच्या भेटींत आम्ही खेळ घेण्याची आखणी केली. बारा जणांना गोलात बसवून प्रत्येकी तीन मिनिटं दिली तर छत्तीस मिनिटं जातात आणि त्यातलं फारसं कोणाला आठवत नाही. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की, क्रमाने बोलायचं असलं की आपली पाळी येण्याच्या अगदी आधी बोललेलं माणसाच्या लक्षात सर्वांत कमी राहतं. जो तो मनात स्वतःची वाक्यं घोकत असतो. म्हणून आधी तीन मिनिटं शांतपणे कागदावर लिहायला द्यायची. घोकंपट्टी तिथेच संपते. मग तिघा-तिघांचे चार गट, प्रत्येकात दोन जुने आणि एक नवा. जुन्यांनाही स्वतःबद्दल सांगावं लागतं, त्यामुळे नव्याची मुलाखत होत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं: तीन वाक्यं, मग बाकीच्या दोघांनी एकाच वेळी बोटं दाखवून खोटं वाक्य सांगायचं, आणि शेवटी कोणत्याही खऱ्या वाक्यावर एक प्रश्न. बोटं एकाच वेळी वर आली की दुसऱ्याचं बघून मत देता येत नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आत उरकतं.

नमुना तिनेच आधी सर्वांसमोर द्यायचा होता, आणि तो मुद्दाम साधा ठेवायचा. पहिला बोलणारा जेवढं खोल जातो तेवढं बाकीच्यांना जावं लागतं. लीडने आजारपण सांगितलं की पुढच्याला भरीत सांगायची लाज वाटते. लीडने परदेशातला ट्रेक सांगितला की बढाईची चढाओढ लागते.

पोरकटपणाची शंका तिला होतीच. खेळ पोरकट वाटतो तो बहुधा कशासाठी आहे हे न सांगितल्यामुळे. म्हणून सुरुवातीला तिने एवढंच म्हणायचं ठरवलं: “चौघं नवीन आहेत. सोमवारपासून अडलं की त्यांना तुम्हालाच विचारायचंय, तो धीर यावा म्हणून ही पंधरा मिनिटं. ज्याला नको असेल त्याने ‘पास’ म्हणावं, कारण विचारणार नाही.” प्रत्यक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पहिल्यांदा पास घेतला. बाकीचे दोघं बोलून झाल्यावर त्याने स्वतःहून तीन वाक्यं सांगितली. नंतर ती मला म्हणाली, “मी आग्रह केला असता तर ते फोनवर बोलायला म्हणून बाहेर गेले असते.” हे तिचं तिला उमगलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

खोट्या वाक्याला एकच कुंपण घालायला मी सांगते: मृत्यू, आजार, गरोदरपण, लग्न आणि नोकरी सोडणं यांवर खोटं नको. ‘मला जुळं होणार आहे’ हे वाक्य गमतीत म्हटलेलं असतं. त्याच गटात मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं उपचार घेणारी एखादी बसलेली असू शकते.

काही ठिकाणी मात्र मी हा खेळ घेऊच देत नाही. पाच-सात वर्षं एकत्र काम केलेल्या माणसांना तो खरंच पोरकट वाटतो. कपातीच्या बातमीनंतर त्यांना तो अपमान वाटतो. पगारवाढ ठरवणारे साहेब कोपऱ्यात बसून ऐकत असतील तर कोणीच खरं बोलत नाही. साहेबांनी गटात बसून खेळावं, नाहीतर पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं. आणि व्यसनमुक्तीच्या गटात तर मुळीच नाही. घरच्यांशी खोटं बोलून बोलून थकलेली माणसं तिथे खरं बोलायला आलेली असतात, त्यांच्याकडून पटेल असं खोटं रचून मागायचं नसतं. तिथे प्रत्येकाने नाव सांगावं आणि आज इथवर कसं यायचं ठरवलं ते एका वाक्यात सांगावं, तेवढं पुरतं.