सतरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप: बोर्ड नेमकं काय तपासतं?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या मामेभावाचा पोरगा १७ चालू. मारामारीत एकजण गेला, त्यात याचंही नाव आलंय. पोलीस म्हणतात केस मोठ्यांसारखीच चालणार. हे कोण ठरवतं आणि कशावरून?

उत्तर:

हे पोलीस ठरवत नाहीत. ठरवतं ते बाल न्याय मंडळ, ज्याला आपण नुसतं बोर्ड म्हणतो. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य, त्यातली एक तरी बाई. मी बेळगावला वकिली करतो आणि अशी काही प्रकरणं चालवली आहेत. त्यातलं एक ओळख पटणार नाही इतकं बदलून सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल.

आधी दोन अटी. घटनेच्या दिवशी मुलाला १६ पूर्ण झालेली असावी लागतात, आणि गुन्हा 'जघन्य' असावा लागतो. बाल न्याय कायद्यात जघन्य म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा सांगितली आहे असा. 'कमीत कमी' हा शब्द पकडून ठेवा. खून त्यात बसतो. खुनाच्या प्रयत्नाला मोठी शिक्षा होऊ शकते, पण किमान अशी सांगितलेली नाही, म्हणून तो बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि पुढं कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. म्हणून एफआयआरमध्ये नेमकं कोणतं कलम आहे ते आधी बघा. कलम खुनाचं नसेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागूच होणार नाही.

आता त्या पोराचं. गणपती विसर्जनाच्या रात्री दोन गल्ल्यांत भांडण लागलं. याचे दोन चुलतभाऊ, एक २४ चा, एक २७ चा, त्यात पुढं होते. आरोप असा की मोठ्या भावानं सांगितलं म्हणून यानं टेम्पोतला कोयता आणून दिला आणि त्यानं वार केला. माणूस दवाखान्यात नेताना गेला.

पहिला वाद वयावर झाला. आईचं माहेर चंदगडकडं, बाळंतपण तिकडंच. तिथल्या ग्रामपंचायतीत जन्मनोंद २० नोव्हेंबरची, तर शाळेच्या दाखल्यावर १ जून. आपल्याकडं पहिलीत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून टाकायचे, अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. १ जून धरला तर पोरगं साडेतीन महिन्यांनी सोळाच्या पुढं, जन्मनोंद धरली तर १५ वर्षं १० महिने, म्हणजे मोठ्यांसारखा खटला चालवायचा प्रश्नच नाही. मी जन्मनोंदीसाठी जोर लावला. पण कायद्यानं क्रम लावून दिलाय: आधी शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मनोंद, तीही नसेल तर हाडांची तपासणी. पोरगं एसएसएलसी पास होतं आणि त्याच्या मार्क्स कार्डावरही १ जूनच. बोर्डानं तेच धरलं. तुमच्याकडं दोन कागदांवर दोन तारखा असतील तर ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच वकिलाच्या कानावर घाला.

मग कलम १५ चं प्राथमिक मूल्यमापन. हा खटला नव्हे. पोरानं केलं की नाही हे इथं ठरत नाही आणि कबुली काढायची ही जागा नव्हे. बोर्ड तीन गोष्टी बघतं: असा गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम काय होतील ते कळण्याची कुवत होती का, आणि कोणत्या परिस्थितीत तो घडला असं म्हणतात. पहिली आणि दुसरी गोष्ट एकच समजण्याची चूक फार होते. चांगले मार्क पडणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला कोयता उचलण्याची क्षमता असणारच. पण त्या एका क्षणाचा मेलेल्याच्या घरावर आणि स्वतःच्या पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होईल हे त्याला दिसत होतं का, हा निराळा प्रश्न आहे. २०२२ च्या बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, आणि बोर्डात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकाराचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक केलं.

आमच्या केसमध्ये तज्ज्ञाचा अहवाल आला तो एका पानाचा. बुद्ध्यंक सरासरी, वागणूक शांत, परिणामांची जाण आहे. खाली सही. तपासणी चाळीस मिनिटांत झालेली. मी पोराला भेटून विचारलं, तुला काय काय विचारलं रे? म्हणाला, "मॅडम कन्नडात विचारत होत्या. मी हौद्री म्हणालो."

सगळ्यालाच? तर म्हणाला हो, सगळ्यालाच.

पोरगं मराठी शाळेतलं, घरी मराठी, बाजारापुरतं कन्नड. मोठ्या माणसानं कन्नडात काही विचारलं की मान हलवून 'हौद्री' म्हणायचं, एवढं आपल्या भागातल्या प्रत्येक पोराला येतं. त्यात समजल्याचा भाग किती आणि लाजेचा किती, हे आपल्याला कळतं, पण बाहेरून येणाऱ्याला ते होकारच वाटतात. त्या बाईंनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. पण 'परिणामांची जाण आहे' हे वाक्य त्या हौद्रींवर उभं होतं.

कायद्याच्या कलम ८ मध्ये साफ लिहिलंय की कामकाजाची भाषा मुलाला समजत नसेल तर बोर्डानं दुभाषी द्यायचा. त्यावर बोट ठेवून आम्ही अर्ज दिला: मराठी बोलणाऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी व्हावी. सरकारी वकिलांचा विरोध होता, की तीन महिन्यांची मुदत संपत आलीय. मुदत आहे खरी, पहिल्यांदा बोर्डासमोर हजर केल्यापासून तीन महिने. पण ती उलटली म्हणून सगळं रद्द होत नाही, कारणं नोंदवून वाढवून घेता येते. कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये तसं सांगितलंय. आमचा अर्ज मंजूर झाला.

दुसरी तपासणी दोन बैठकांत झाली. आईशी वेगळं बोलले, वर्गशिक्षकांशी वेगळं. दरम्यान प्रोबेशन ऑफिसर घरी जाऊन सामाजिक अहवाल करून आले होते, आणि माझ्या मते निकालाला वळण लागलं ते त्यातल्या एका फोनमुळं. घटनेनंतर पोरगं देवळामागं जाऊन बसलं होतं आणि तिथून त्यानं आईला फोन केला होता. विचारलं काय, तर "दादाला पोलीस नेतील काय गं?" स्वतःबद्दल एक अक्षर नाही, जो पडला होता त्याच्याबद्दलही नाही. आपणही यात आहोत हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. नव्या तज्ज्ञांनी लिहिलं की तो मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर जात नाही आणि पुढचं चित्र स्वतःहून उभं करण्यात वयाच्या मानानं कमी पडतो.

पण दुसरी बाजूही सांगतो. साक्षीदार म्हणत होते की कोयता त्यानं पोत्यात गुंडाळून, गर्दीतून लपवत आणला. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा मुद्दा तोच: लपवायचं कळतं तर कशाला चाललाय तेही कळतं. तो मुद्दा हलका नव्हता आणि आजही मला त्याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. दोन्ही सदस्यांचं मत उलट पडलं. अशा वेळी बहुमत चालतं, मॅजिस्ट्रेटचं मत एकटं पडलं तरी. केस बोर्डाकडंच राहिली.

याचा फरक किती पडतो? बोर्डाकडं राहिली तर दोष सिद्ध झाला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. बालन्यायालयाकडं गेली, म्हणजे जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांसमोर, तर तिथं पुन्हा एकदा विचार होतो की खरंच मोठ्यांसारखा चालवायचा का. बोर्डाचा आदेश आला म्हणजे संपलं असं नाही, तो विचार त्या न्यायालयाला स्वतः करावा लागतो. चाललाच, तर फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही. २१ वर्षांपर्यंत सुरक्षित स्थळी ठेवतात, मग तो सुधारलाय का ते बघून सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं ते ठरतं.

बोर्डाच्या या आदेशावर कोणत्याही बाजूला सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येतं. आमच्याकडं मयताच्या भावानं केलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं. अपिलात न्यायालय बोर्डानं घेतलेल्या तज्ज्ञांपेक्षा वेगळे तज्ज्ञ बोलावू शकतं. इथं तशी वेळ आली नाही, पहिल्या अहवालातली भाषेची अडचण कागदावर आलेली होती म्हणून. अपील फेटाळलं गेलं. चुलतभावांचा खटला वेगळा, सत्र न्यायालयात. मोठ्यांबरोबर मुलाची केस एकत्र चालवता येत नाही.

तुमच्यासाठी आता लगेच करायचं ते एवढंच. पोराला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवलेलं असेल तर ते बेकायदा आहे, त्याच दिवशी बोर्डाला कळवा. २४ तासांत बोर्डासमोर न्यायचं असतं आणि ठेवायचंच झालं तर निरीक्षणगृहात. जामिनाचा अर्ज तिथंच द्या. खुनाचं कलम आहे म्हणून जामीन नाही असा नियम मुलांना नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. पहिल्या हजेरीपासून महिन्याभरात पोलिसांनी साक्षीदारांचे जबाब आणि कागद बोर्डात द्यायचे असतात आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळते. ती कन्नडात असेल, बसून मराठीत समजावून घ्या.

आणि पोराला पढवू नका. "मला काहीच कळत नाही असं सांग" असं घरचे हमखास शिकवतात. दोन बैठकांत ते उघडं पडतं आणि मग खरं बोललेलंही कुणी धरत नाही. त्याला एवढंच सांगा: प्रश्न समजला नाही तर 'समजला नाही, मराठीत विचारा' म्हण. हौद्री म्हणू नको.

त्याचा फोटो किंवा नाव गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर तेही थांबवा. तो गुन्हा आहे, टाकणारा आपल्याच घरातला असला तरी.