पेपर परत आलाय, आणि उत्तराला हातच जात नाही

“ताई, संशोधनाचा पेपर जर्नलकडून ‘मेजर रिव्हिजन’ म्हणून परत आलाय. दोन रिव्ह्यूअर, तीन पानं शेरे. दुसऱ्याने तर माझं विश्लेषणच चुकीचं म्हटलंय. हे सभ्य भाषेतलं ‘नको’च ना? सर म्हणतात, जे सांगतील ते सगळं मान्य कर. पण काही गोष्टी मला पटत नाहीत, काही तर शक्यच नाहीत. नाही म्हटलं तर चिडतील का?”

नको असता तर एडिटरने ‘नको’ लिहिलं असतं. त्या पत्राचा मसुदा वेगळा असतो. बडोद्यात फतेहगंजच्या बाजूने येणाऱ्या संशोधक मुलामुलींकडून हीच काळजी मी दर परीक्षेनंतरच्या मोसमात ऐकते. म्हणून एकीची गोष्ट सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. तिच्यासोबतची पाच-सहा सत्रं इथे चार संवादांत आली आहेत.

पहिल्या दिवशी तिने पत्र मोबाईलवर उघडलं आणि घाईने मराठीत सांगत गेली. “लेखकांना हे दाखवता आलेलं नाही, असं लिहिलंय.” मूळ वाक्य होतं ‘द ऑथर्स फेल टू शो’. घरी मराठी, वर्गात गुजराती, पेपर इंग्रजीत, अशा घडणीत ते ‘फेल’ थेट निकालपत्रावरचं वाटतं. रिव्ह्यूच्या इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच, की ‘हे पेपरात दिसत नाही’.

माझा कल असा, की भीतीवर आधी बोलत बसायचं नाही. तिला हातात धरता येईल एवढं लहान करायचं. तिला म्हटलं, “सगळे शेरे एका फाईलमध्ये शब्द न बदलता उतरव. पहिल्या रिव्ह्यूअरचे १.१, १.२, दुसऱ्याचे २.१, २.२. एका परिच्छेदात तीन मागण्या असतील तर तीन तुकडे कर. आणि प्रत्येकापुढे फक्त एक क्रियापद लिही: मोजा, सांगा, काढा, बदला.”

पुढच्या वेळी ती एकोणीस क्रमांक घेऊन आली. अकरांपुढे ‘सांगा’ होतं, म्हणजे माहिती तिच्याकडे होती, पेपरात लिहायची राहिली होती. दोनांपुढे क्रियापदच सापडलं नव्हतं. ती निव्वळ मतं होती, त्यांना एका ओळीचे आभार पुरतात. परिच्छेद फोडण्याचं मुख्य कारण हे, की गठ्ठ्याला एकच उत्तर दिलं तर त्यातली एक मागणी हमखास सुटते. रिव्ह्यूअरला मात्र नेमकी तीच आठवते.

खरा गुंता २.४ चा होता. तिचं काम असं: वसतिगृहातल्या मुलींचे चाळीस-चाळीसचे दोन गट, एकाला ९० दिवस अळिवाचा लाडू, दुसऱ्याला नेहमीचा आहार, आणि आधी व नंतर हिमोग्लोबिन. लाडूच्या गटात सरासरी ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर वाढ झाली, ती सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरली. दुसऱ्या गटात ०.२ वाढ, ती ठरली नाही. यावरून तिने लिहिलं, लाडू परिणामकारक आहे. रिव्ह्यूअरचं म्हणणं, ही तुलना झालीच नाही.

“पण एकात फरक आला, एकात नाही. तुलना झालीच की!”

“दोन्ही गटांतल्या वाढीमधलं अंतर किती?”

“०.३.”

“त्या ०.३ ची चाचणी कुठे केलीस?”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “कुठेच नाही.”

त्या शांततेत मी काही बोलले नाही. कबुली अशी जागच्या जागी उमटावी लागते. मी आधी बोलले असते तर तो आणखी एक शेरा झाला असता. तिने प्रत्येक गट स्वतःशीच ताडून पाहिला होता, गट गटाशी नाही. चूक फार जुनी आणि फार पसरलेली आहे. एक वाढ लक्षणीयतेच्या रेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे पडली, म्हणून दोघींतला फरकही लक्षणीय ठरत नाही. सुरुवातीचं हिमोग्लोबिन हिशेबात धरून दोन्ही गटांची शेवटची मोजमापं ताडायची, याला ॲन्कोव्हा म्हणतात. सांख्यिकी विभागातल्या मैत्रिणीकडे बसून तिने ते केलं. फरक ०.३ च आला, पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.१ ते ०.७. म्हणजे फरक शून्य असणंही या आकड्यांत बसतं.

“म्हणजे पेपर गेला?”

“दावा गेला. पेपर तुझ्याकडेच आहे.”

इथे बहुतेक जण एक घोटाळा करतात: तक्ता बदलतात आणि दावा जुनाच ठेवतात. विश्लेषण बदललं की तो आकडा जिथे जिथे गेला आहे तिथे जावं लागतं. तिच्या बाबतीत ते तक्ता, निष्कर्ष, सारांश आणि शीर्षक होतं. ‘परिणामकारकता’ जाऊन शीर्षकात ‘परिणामाचा अभ्यास’ आलं. म्हणूनच आधी पेपर दुरुस्त करायचा आणि उत्तर नंतर लिहायचं. उलट केलं तर उत्तरात वचनं राहतात आणि पेपरात ती पाळलेली नसतात.

२.४ चं तिचं इंग्रजी उत्तर मराठीत साधारण असं: “आक्षेप बरोबर आहे. आधीच्या मसुद्यात गटांची थेट तुलना नव्हती. आता सुरुवातीची पातळी धरून ती केली आहे, फरक ०.३, इंटरव्हल उणे ०.१ ते ०.७. त्यानुसार निष्कर्ष सौम्य केला आहे. पान ९, ओळी २१४ ते २२०. नवा मजकूर खाली देत आहोत.” आणि खाली तो मजकूर. एडिटरला पेपर न उघडता काय बदललं ते कळलं पाहिजे. नुसतं ‘सुधारणा केली’ लिहिलं की तो शोधत बसतो, आणि शोधणारा माणूस शंकेखोर होतो.

आता नकाराचं. २.५ मध्ये मिळालेल्या आकड्यांवरून अभ्यासाची ‘पॉवर’, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची ताकद, काढा अशी मागणी होती. सर म्हणाले, काढून दे, दोन मिनिटांचं काम. पण निकालानंतर त्याच निकालावरून काढलेली पॉवर म्हणजे पी-मूल्यच वेगळ्या कपड्यांत. नवं काहीच सांगत नाही. होनिग आणि हायसी यांनी २००१ मध्ये हे सविस्तर मांडलं आहे. तिने मागणीमागची काळजी उचलली, की नमुना लहान होता का, आणि लिहिलं: “नमुन्याचा आकार आधी गणिताने ठरवला नव्हता, हे मर्यादांमध्ये नोंदवलं आहे. अनिश्चितता किती हे इंटरव्हलवरून दिसतं, म्हणून नंतरची पॉवर दिलेली नाही.” चिडण्यासारखं यात काही नाही. नकाराला कारण हवं, आणि मूळ शंकेला दुसरी वाट हवी. १.६ मध्ये शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मागितलं होतं, तर रक्ताचे नमुने साठवलेलेच नव्हते. तिथे दोन वाक्यं आणि मर्यादांमध्ये एक ओळ पुरली. नाइलाजाची लांबलचक सफाई दिली की ती बहाण्यासारखी वाचली जाते.

शेवटचं सत्र ओळ क्रमांकांवर गेलं, आणि मला ते मुळीच क्षुल्लक वाटत नाही. तिने क्रमांक ट्रॅक केलेल्या फाईलमधून घेतले होते. खोडलेला मजकूर दिसत असला की ओळी खाली सरकतात. स्वच्छ प्रतीत २१४ वर दुसरंच काहीतरी निघालं. वर्डमध्ये `Layout` खाली `Line Numbers`, मग `Continuous` निवडायचं, सगळे बदल संपल्यावर स्वच्छ प्रतीतून क्रमांक घ्यायचे, आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत ते कोणत्या फाईलचे आहेत हे लिहायचं. तिचं जर्नल लेखकांची नावं रिव्ह्यूअरपासून लपवणारं होतं, म्हणून ट्रॅक केलेल्या बदलांवर दिसणारं तिचं आणि सरांचं नावही काढावं लागलं.

मुदत आठवड्यावर आली तेव्हा तिने एडिटरला तीन ओळींचा मेल करून दोन आठवडे मागितले आणि मिळाले. मुदत टळल्यावर तोच पेपर कदाचित नवा म्हणून पाठवावा लागला असता.

दुसऱ्या फेरीत २.४ वाल्याचा एकच शेरा आला: इंटरव्हल सारांशातही द्या. ती फोनवर म्हणाली, “ताई, क्रियापद ‘द्या’ आहे. दिलं. ओळ १८.”