कानातल्या आवाजासाठी एफडी मोडावी का?

"ताई, माझे वडील 68 वर्षांचे आहेत. आयुष्यभर लोअर परळच्या एका छापखान्यात मशीनवर काम केलं. तीन-चार वर्षांपासून दोन्ही कानांत सतत सूं सूं आवाज येतो, ऐकायलाही कमी येतं. मोबाईलवर जाहिरात बघून आम्ही फोन केला. जिंको आणि झिंकच्या कॅप्सूल, सोबत कानात घालायचं हर्बल तेल, सहा महिन्यांचा कोर्स 43,200 रुपये. ऐकू आलं नाही तर पैसे परत म्हणतात. माझी 1 लाखाची एफडी आहे, ती मोडू, की नो-कॉस्ट ईएमआयवर महिन्याला 7,200 भरू? दीड वर्षापूर्वी वडिलांना स्टेंट टाकलाय, त्याच्या गोळ्या चालू आहेत."
एक वाचक, भांडुप

नमस्कार. दोन्ही करू नका. कारणं सांगते, आणि त्याच पैशांचं काय करता येईल तेही.

आधी एफडीचं. मुदतीआधी मोडलीत तर बँक साधारण अर्धा-एक टक्का व्याज कापते. लाखाच्या एफडीवर वर्षभराचं धरलं तरी हजाराच्या आतबाहेर. वडिलांच्या कानासाठी एवढं नुकसान मी डोळे झाकून सोसायला सांगितलं असतं. त्यामुळे पाहायचं ते एवढंच, की 43,200 देऊन हाती काय येणार.

जिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. त्यावर इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, 2001 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. कानात आवाज येणाऱ्या अकराशेहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला होता. निम्म्यांना जिंको आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी, असं 12 आठवडे चाललं. शेवटी आवाजाचा त्रास कमी झाला असं सांगणारे जिंकोच्या गटात 360 पैकी 34 निघाले आणि बिनऔषधी गोळीच्या गटात 360 पैकी 35. हे दोन आकडे वडिलांनाही दाखवा. जाहिरातीत "मला फरक पडला" म्हणणारे काका कदाचित खोटं बोलतही नसतील. हा आवाज आपोआप कमी-जास्त होतो, मेंदूला हळूहळू त्याची सवयही होते. त्या 35 जणांना तर काहीही औषध न घेता बरं वाटलं होतं.

त्यानंतर अनेक चाचण्या एकत्र तपासणारे आढावे आले, जिंकोचे आणि झिंकचेही. ठोस फायद्याचा पुरावा त्यांतून निघाला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की टिनिटससाठी, म्हणजे कानातल्या या आवाजासाठी, जिंको, मेलाटोनिन, झिंक किंवा इतर सप्लिमेंट डॉक्टरांनी सुचवू नयेत.

"ऐकू येईल" हा दावा तर याहून अवघड. छापखान्याच्या मशीनजवळ वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक केसपेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानात घातलेलं तेल पडद्याशी थांबतं, दुखापत पडद्याच्या खूप आत असते. पडद्याला भोक असेल तर तेल उलट त्रास देईल. पेशी परत आणायचा प्रयत्न कोणी केला नाही असं नाही. एका अमेरिकन कंपनीने त्यासाठी थेट मध्यकर्णात इंजेक्शन द्यायचं औषध बनवलं होतं. 2023 मध्ये त्याच्या मधल्या टप्प्याच्या चाचणीत बिनऔषधी इंजेक्शनपेक्षा काही वेगळं दिसलं नाही आणि कंपनीने ते काम थांबवलं. तिथे जे जमलं नाही ते बाटलीतल्या तेलाने होणार असेल तर बातमी जाहिरातीत नाही, पेपरच्या पहिल्या पानावर असती.

स्टेंटचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, माझ्या दृष्टीने ते सगळ्यांत आधी यायला हवं होतं. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. जिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका, कोणी फुकट दिली तरी.

आता "पैसे परत". फोनवर नाही, लेखी अटी मागा. असल्या हमीत साधारण असं लिहिलेलं आढळतं: पूर्ण कोर्स संपवलेला असावा, रिकाम्या बाटल्या जपलेल्या असाव्यात, अमुक दिवसांत अर्ज आलेला असावा, "फरक नाही" हे कंपनीचा सल्लागार ठरवणार. म्हणजे सहा महिने पूर्ण पैसे त्यांच्याकडे, आणि निकालही त्यांच्याच हातात. ईएमआयमध्ये आणखी एक मेख आहे. कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं, तुमच्या नावावर. विकणारा फोन उचलेनासा झाला तरी हप्ता चालूच राहतो आणि चुकवलात तर सिबिल तुमचा बिघडतो.

बाटलीवरच्या एफएसएसएआयच्या 14 आकडी नंबरावरही जाऊ नका. तो अन्नपदार्थाचा परवाना असतो, आजार बरा होतो याचं प्रमाणपत्र नाही. बहिरेपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, त्या आजारांच्या यादीत बहिरेपणाचं नाव आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

मग 43,200 चं काय? पहिला खर्च ईएनटी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. केईएम किंवा नायरच्या ओपीडीत अगदी कमी पैशांत होईल, फक्त सकाळी लवकर पोहोचा. बाहेर केलीत तर हजार-दोन हजारांत. कधी कधी मळाचा खडा निघतो आणि निम्मी तक्रार तिथेच संपते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर थांबू नका. एखाद्या दिवशी अचानक एक कान बंद झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत लागतो आणि अशा वेळी तेल-कॅप्सूलमध्ये गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

तपासणीत ऐकणं कमी निघालं, जे बहुधा निघेल, तर बरीच रक्कम मी श्रवणयंत्रासाठी ठेवेन. बाहेरचे आवाज नीट आले की आतला सूं सूं पुष्कळांना कमी जाणवतो, आणि सूनबाई काय म्हणतेय ते कळतं हा फायदा वेगळाच. किमती एका कानाला दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढे. दोन कानांची सुरुवात तुमच्या बजेटमध्ये बसते. यंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला तर विचारा. घेण्याआधी घरी वापरून बघायला मागा, आणि ऑडिओमेट्रीच्या रिपोर्टप्रमाणे ते सेट करून घ्या, नाहीतर महागडं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून राहतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी आणि यंत्राची सोय आहे. दिव्यांगत्वाचं किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर केंद्राच्या योजनेतून यंत्र सवलतीत किंवा फुकट मिळू शकतं. आधी तिथे विचारा, खासगी दुकान नंतर.

आवाजामुळे झोप आणि मन बिघडलं असेल तर वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. आवाज बंद होत नाही, त्याचा छळ कमी होतो. काही सेशन्स लागतात, शिल्लक पैसे त्यासाठी राहू द्या.

आणि तुम्ही फोनवर "हो" म्हणून पार्सल कॅश ऑन डिलिव्हरी मागवून बसला असाल, तर दारात आल्यावर घेऊ नका, पैसे देऊ नका. कार्ड किंवा यूपीआयवर ऑटोपे दिलं असेल तर अ‍ॅपमध्ये आजच ते मॅन्डेट रद्द करा.