आधी डिग्री पक्की, मग तेरा पेपर

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणितावर तिचा जीव. अ‍ॅक्चुअरी व्हायचं म्हणते. पण तेरा-तेरा पेपर ऐकून आम्ही घाबरलोय. मध्येच अडकली तर? आणि त्यासाठी आत्ताच सोलापूर सोडावं लागेल का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आत्ता सोलापूर सोडायची गरज नाही. तिला इथेच बीएस्सी करू द्या, पण संख्याशास्त्र हा मुख्य विषय घेऊन. तुमच्या ‘अडकली तर?’चं उत्तर त्या डिग्रीतच आहे.

आधी अ‍ॅक्चुअरीच्या, म्हणजे विम्याची जोखीम मोजण्याच्या कामातलं गणित कसं असतं ते तिला दाखवा. तिशीतल्या १०,००० जणांनी एका वर्षासाठी प्रत्येकी १० लाखांचा विमा घेतला आणि हजारात एक मृत्यू धरला, तर साधारण १० दावे येतील, म्हणजे १ कोटी रुपये. माणशी १,००० झाले. पैसे वर्षअखेरीस द्यायचे आणि व्याज ६ टक्के धरलं, तर आज ९४३ रुपये पुरतात. इथपर्यंत शाळेचं गणित. खरा प्रश्न पुढे आहे : दावे १० ऐवजी १६ आले तर? तसं वर्ष क्वचित येतं, पण येतं. त्यासाठी किती जादा रक्कम बाजूला ठेवायची, हे अ‍ॅक्चुअरी ठरवतो. ‘नेमकं उत्तर काय?’ एवढ्यावरच तिचं समाधान होत असेल, तर हे काम तिला रुचणार नाही.

आता पेपरांचं. बारावीनंतर इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची. पुढचे पेपर वर्षातून दोनदा होतात. एका वेळी चार फॉर्म भरणारी मुलं बहुतेक चारही अर्धवट करतात. एका वेळी एक, फार तर दोन. सुरुवात सीएस-१ पासून, कारण त्यातली संभाव्यता आणि रिग्रेशन बीएस्सीतही असतं. मात्र त्याचा एक भाग संगणकावर ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेत सोडवायचा असतो. वहीत हुशार असलेली मुलं तिथेच अडतात, म्हणून ‘आर’चा सराव पहिल्या वर्षापासूनच हवा. त्यानंतर सीएम-१, म्हणजे वरच्या उदाहरणातलं व्याज आणि आयुर्मान.

डिग्रीपर्यंत हे दोन पेपर निघाले, की पुण्या-मुंबईत नोकरीसाठी अर्ज करायचे आणि उरलेले पेपर नोकरी करत द्यायचे. सगळे पेपर संपवून मगच नोकरी, हा बेत मला पटत नाही. हातात काम असलं की पुढचे पेपर नीट समजतात, शिवाय बऱ्याच कंपन्या फी भरतात आणि अभ्यासाची रजाही देतात.

सीएस-१ निघाला, पण सीएम-१ पुन्हा पुन्हा अडला, तर तिला संख्याशास्त्र जमतंय, विमा-वित्त नाही, असं समजा. मग एमएस्सी संख्याशास्त्र करावं. ते अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आहे, आयआयटीत करायचं असेल तर जॅम परीक्षा. पदवीला संख्याशास्त्र असल्याने यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षाही तिला देता येईल.